कोर्ट कार्ड आलं की माणूसच शोधायचा का? (वहिनी आणि क्वीन ऑफ सोर्ड्स)

मुग्धा_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. टॅरो वाचायला लागून मला दीड वर्ष झालं. घरातल्या आणि ओळखीतल्या लोकांपुरतंच वाचते, पैसे घेत नाही. या वेळी मात्र चांगलाच घोळ करून बसलेय, म्हणून हा धागा.

गेल्या रविवारी मावसबहिणीसाठी पाच कार्डं काढली. तिच्या माहेरचं राजवाड्यामागच्या गल्लीतलं जुनं दुमजली घर विकायचं आहे. गिऱ्हाईक तयार आहे, बयाण्याची बोलणी होऊन तीन महिने झाले, पण पुढे काहीच सरकत नाही. तिचा प्रश्न होता, "सौदा का अडलाय, आणि मी काय करू?" नेहमीचा वेट-स्मिथ डेक, कार्डं एका ओळीत, सगळी सुलटी:

१. सध्याची स्थिती: फोर ऑफ पेंटॅकल्स
२. अडसर: क्वीन ऑफ सोर्ड्स
३. मूळ: सिक्स ऑफ कप्स
४. सल्ला: पेज ऑफ पेंटॅकल्स
५. पुढचा कल: नाइट ऑफ पेंटॅकल्स

दुसरं कार्ड उघडलं आणि मी पटकन बोलून गेले, "तुझ्या आसपास एखादी फटकळ बाई आहे का? एकटी, बहुधा नवरा नसलेली?" बहिणीनं एक सेकंदही लावला नाही. "वहिनी!" तिचा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. वहिनी मुलाला घेऊन त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. पुढची तीन कार्डं तिनं धड ऐकलीसुद्धा नाहीत.

तेव्हापासून ती वहिनींचे फोन उचलत नाही. बुधवारी वहिनींनी माझ्या आईला फोन केला आणि रडल्या. आता मला सांगा, कोर्ट कार्ड, म्हणजे पेज, नाइट, क्वीन किंवा किंग, माणूस म्हणून कधी वाचायचं, स्वभाव किंवा मनःस्थिती म्हणून कधी, आणि परिस्थिती म्हणून कधी? तुम्ही कसं ठरवता?

प्राजक्ता_पलासिया

अगं, मला पण हेच विचारायचं होतं! मला दोन महिन्यांत तीनदा नाइट ऑफ कप्स आला. तिन्ही वेळा प्रश्न एकच, तो परत येईल का. घोडा हळूहळू चाललाय आणि हातात कप आहे, म्हणजे येतोय ना? की आला आणि गेला? कोणीतरी सांगा प्लीज.

किलवरचा_एक्का

सोपं आहे, उगाच डोकं चालवू नका. पेज म्हणजे निरोप, नाइट म्हणजे घटना किंवा हालचाल, क्वीन म्हणजे मनःस्थिती आणि किंग म्हणजे माणूस. उलटं आलं तर माणूस नाहीच, सरळ स्वभावदोष. मी सहा वर्षं असंच वाचतोय. मुग्धाताई, तुमच्याकडे क्वीन आली म्हणजे मनःस्थिती. वहिनींचा काही संबंध नाही, बहिणीला तसं सांगून टाका आणि मोकळ्या व्हा.

तात्या_तुकोगंज

मला टॅरो कळत नाही. शीर्षकात राणी आणि वहिनी एकत्र दिसल्या म्हणून आत आलो. पत्त्यांत गुलाम, राणी, राजा एवढं माहीत. आमच्या आजोबांकडे सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा होता, १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्यात राजा असतो आणि घोड्यावरचा प्रधान असतो. राणीच नसते! मुग्धा, तू गंजिफ्यावर बघितलं असतंस तर वहिनी सापडलीच नसती आणि घरात शांतता राहिली असती. हे गमतीनं म्हणतोय, रागावू नकोस.

एक खरोखरचा प्रश्न. बाईचं चित्र आलं म्हणजे बाईच, असं तुमच्यात ठरलेलं आहे का?

शुभदा_७८

तात्या, गमतीत नेमकं बोट ठेवलंत. असं ठरलेलं नाही, पण ते डोक्यात घुसलंय कुठून ते सांगते.

हा डेक १९०९ साली लंडनला निघाला. अर्थ वेटचे, चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. आकड्यांच्या पानांवर तिनं प्रसंग काढले. मुग्धाच्या ओळीतल्या सिक्स ऑफ कप्समध्ये जुन्या आवारात एक मुलगा लहान मुलीला फुलांचा पेला देतोय. बघताक्षणी गोष्ट सुरू होते. कोर्ट कार्डांवर मात्र कोणी सिंहासनावर बसलंय, कोणी घोड्यावर आहे, कोणी नुसतं उभं. गोष्ट नाही, फक्त माणूस. मग वाचणाऱ्याचा मेंदू ती गोष्ट ओळखीच्या माणसांत शोधायला लागतो.

त्यात वेटनं पुस्तकात रंगरूपाचे नियम दिले. गोरी-पिवळ्या केसांची माणसं वॉन्ड्स, काळ्या केसांची आणि काळ्या डोळ्यांची पेंटॅकल्स. वयाचाही नियम आहे: चाळिशीच्या पुढचा पुरुष नाइट, त्याआतला किंग, चाळिशीपुढची बाई क्वीन आणि त्याहून लहान मुलगी पेज. हे नियम इंदुरात लावून बघा. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाणारी अख्खी गर्दी पेंटॅकल्समध्ये जाईल आणि बाकीचे तीन रंग रिकामे पडतील. एवढ्या एका गोष्टीवरूनच मी रंगरूप सोडलं, आणि त्याच्या मागोमाग बाईचं चित्र म्हणजे बाई हेही सोडलं. क्वीन ऑफ सोर्ड्स मला पुरुषांसाठी कितीतरी वेळा आली आहे. एकदा तर एका निवृत्त ऑडिटरसाठी, आणि ते वर्णन त्यांना इतकं बसलं की ते स्वतःच हसायला लागले.

मुग्धा, "नवरा नसलेली" हे तू कुठून आणलंस तेही मला माहीत आहे. या राणीच्या अर्थांत वेटनं पहिलाच शब्द वैधव्य दिलाय. पाठ केलेला शब्द तोंडातून आधी बाहेर पडतो, चित्राकडे लक्ष नंतर जातं.

आता एक्का. तुमचा नियम वाईट नाही, अर्धा बरोबर आहे. पेज निरोप घेऊन येतो आणि नाइट वेग दाखवतो, हे माझ्याही अनुभवात बसतं. अडचण अशी की तुमचा नियम कार्डावर चिकटवलेला आहे. प्रश्न आणि जागा बदलली तरी तो बदलत नाही. "नवीन साहेब कसे असतील?" असं कोणी विचारलं आणि क्वीन आली तर तुम्ही मनःस्थिती सांगणार का? ते साहेबच असणार ना.

मी आधी जागेकडे बघते. जागेचं नाव वाक्याचा अर्धा भाग असतो, कार्ड फक्त उरलेला भाग भरतं. "आजूबाजूची माणसं" अशी जागा असेल तर बहुतेक माणूस. "तू स्वतः" असेल तर तिथं आलेली राणी म्हणजे विचारणारीच, मग ती अठरा वर्षांची असो. "सल्ला" या जागी माणूस आणला तर वाक्यच तुटतं. "तुला सल्ला: तरुण मुलगा" याला काय अर्थ? तिथं ते कार्ड वागण्याची रीत सांगतं. मुग्धाला सगळ्यात नडली ती "अडसर" ही जागा, कारण अडसर माणूसही असतो, आपलाच स्वभावही असतो आणि नुसती एखादी अटही असते. तिथं जागा काहीच ठरवून देत नाही.

अशा वेळी मी तोंड उघडण्यापूर्वी मनात तीन वाक्यं करते. मुग्धाच्या कार्डाची करून दाखवते.

माणूस धरला तर: कोणीतरी कोरडं, स्पष्ट बोलणारं माणूस सौद्याच्या आड उभं आहे.
स्वभाव धरला तर: विचारणारीच इतकी ताठ झाली आहे की तिच्याशी बोलायला कोणी धजत नाही.
परिस्थिती धरली तर: काहीतरी स्पष्ट, लेखी झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग तिन्ही वाक्यं शेजारच्या कार्डांना लावून बघायची. शेजारी सिक्स ऑफ कप्स आहे, बालपणाचं घर, जुना जिव्हाळा, आणि तेही मूळ म्हणून. पहिलं कार्ड फोर ऑफ पेंटॅकल्स, त्यातला माणूस नाणं छातीशी कवटाळून बसलाय. कवटाळणारा हा, माहेरच्या आठवणींचं मूळ ते. मला तर वाटतं घर सुटत नाहीये ते तुझ्या बहिणीलाच. त्या दोघांच्या मध्ये बसून ही राणी कागद मागते आहे. तिसरं वाक्य ओढाताण न करता बसतं. पहिलंही बसतं, पण त्यासाठी वहिनींना खलनायिका करावं लागतं, आणि तसं या पाच कार्डांत कुठं दिसतं?

चित्र परत बघ. तिच्या उजव्या हातात तलवार सरळ उभी आहे, कोणावर उगारलेली नाही. डावा हात पुढे केलाय. काहीतरी मागते आहे, किंवा "या, बोला" म्हणते आहे. त्या हाताबद्दल तू बहिणीला काही सांगितलंस का?

मुग्धा_लोकमान्यनगर

नाही हो काकू. हाताचं लक्षातच आलं नाही, मी तलवारच बघत बसले. पण एक सांगा. बहीण इतक्या पटकन "वहिनी" म्हणाली, त्यालाही काही अर्थ असेल ना? मला वाटलं, एवढं लगेच जुळलं म्हणजे बरोबरच असणार.

शुभदा_७८

उलट तिथंच सावध व्हायला हवं होतं. ज्याच्याशी आधीपासून बिनसलेलं असतं त्याचं नाव सगळ्यात आधी येतं. बहिणीच्या मनात वहिनींचं नाव तू कार्ड उघडायच्या आधीपासून होतं, कार्डानं फक्त दार उघडलं. तुझा प्रश्नही असा होता की उत्तर आपोआप एखाद्या बाईवर जावं: बाई, फटकळ, नवरा नसलेली. त्यांच्या घरात अशी एकच व्यक्ती आहे.

मी वर्णन करताना बाई-पुरुष, नातं, वय काहीच सांगत नाही. "सरळ बोलणारं, भावनेपेक्षा कागदाला महत्त्व देणारं कोणी किंवा काही यात आहे का?" एवढंच विचारते आणि गप्प बसते. समोरचा थांबून, विचार करून बोलला तर ते उत्तर मी धरते. ताडकन आलेलं नाव वहीत लिहून ठेवते, पण त्यावर वाचन उभं करत नाही.

आकडेमोड_विजयनगर

टॅरोवर माझा विश्वास नाही, आकड्यांवर आहे. ७८ पानांत कोर्ट कार्डं १६, म्हणजे पाचात एकाहून जरा जास्त. दहा पानं काढली तर सरासरी दोन येणारच. तीनच काढली तरी त्यात निदान एक असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे, काढून बघितलं, ५० टक्क्यांच्या किंचित वर. प्रत्येक वेळी त्याला माणूस मानलं तर दर दोन वाचनांमागे एका नातेवाइकाचा बळी. एवढे नातेवाईक आणायचे कुठून?

तात्या_तुकोगंज

आमच्याकडे भरपूर आहेत, घेऊन जा.

निनाद_बडोदा

शुभदाताईंच्या चित्रवाचनाला माझा थोडा विरोध. हात पुढे आहे म्हणून मागते आहे, हे एका डेकपुरतं झालं. मी थोथ डेक वापरतो. फ्रीडा हॅरिसनं ती चित्रं क्रोलीसाठी १९३८ ते १९४३ या काळात रंगवली. त्यातल्या क्वीन ऑफ सोर्ड्सच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात दाढीवाल्या पुरुषाचं छाटलेलं मुंडकं आहे. आता तिथं "या, बोला" कसं म्हणणार?

मी तत्त्वांवरून वाचतो. तलवारी म्हणजे वायू, राणी म्हणजे पाणी, म्हणून ही वायूतलं पाणी. आधी समजून घेऊन मग कापणारी बुद्धी. माणूस, मूड की घटना हा प्रश्नच मला फारसा पडत नाही. ही एक ताकद आहे. ती माणसातून आली काय, नोटिशीतून आली काय, काम तेच करते.

आणखी एक. थोथमध्ये किंगच नाही. नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस. एक्कासाहेबांचा "किंग म्हणजे माणूस" इथं लावायचा कोणाला?

किलवरचा_एक्का

मी थोथ वापरतच नाही, तेव्हा तो प्रश्न तुमचा.

पण "ताकद आहे" म्हणून सुटायचं हे मला पटत नाही. समोर माणूस बसलाय, घर अडकलंय, त्याला वायूतलं पाणी सांगून काय उपयोग? त्याला विचारायचंय फोन कोणाला लावू. माझ्या नियमात निदान काहीतरी ठाम मिळतं.

निनाद_बडोदा

ठाम मिळतं हे मान्य. ठाम आणि चूक, दोन्ही एकदमच मिळतं कधीकधी. या धाग्याचा पहिला प्रतिसाद परत वाचा. (तुमचा नाही, मुग्धाताईंचा.)

शुभदा_७८

निनाद, मुंडक्याचा मुद्दा खरा. चित्र बदललं की माझं वाचन बदलेल, आणि बदलायलाच हवं. मी ज्या डेकवर वाचते त्याचंच चित्र वाचते. तुमच्या डेकवर मुग्धाला मी "हात पुढे" सांगितलंच नसतं. पण तुमच्या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती एक्कांनी बरोबर पकडली. माणूस की परिस्थिती हे ठरवायचं टाळलं तर विचारणारी ते स्वतः ठरवते, आणि आपल्या सोयीनं ठरवते.

मुग्धा_लोकमान्यनगर

चौथ्या आणि पाचव्या कार्डाचंही सांगा ना. दोन्ही पेंटॅकल्सची कोर्ट कार्डंच आहेत. मी पेजला "पैशाबद्दल चांगली बातमी" म्हटलं आणि नाइटला "गिऱ्हाईक चांगलं, भरवशाचं आहे" म्हटलं. म्हणजे एक निरोप आणि एक माणूस. का तसं म्हटलं ते मलाच सांगता येणार नाही. जे सुचलं ते.

शुभदा_७८

एकाच ओळीत एकीला बाई केलंस, एकाला निरोप आणि एकाला गिऱ्हाईक. प्रत्येक वेळी कारण वेगळं असतं तर चाललं असतं. पण कारणच नव्हतं, जे गोड वाटलं ते घेतलंस. नवशिक्यांचं इथंच बिघडतं, माझंही बिघडायचं.

पेज सल्ल्याच्या जागी आहे. त्याच्याकडे बघ, दोन्ही हातांनी नाणं डोळ्यांसमोर धरून तो ते निरखतोय, बाकी जगाकडे त्याचं लक्ष नाही. सल्ला म्हणून वाचलं तर: शिकाऊ हो, बसून एकेक कागद नीट बघ, जे समजत नाही ते विचार. बातमी कोणी आणून देणार नाही, अभ्यास तुलाच करायचा आहे.

नाइट पुढच्या कलाच्या जागी. चार नाइट शेजारी ठेवून बघ. सोर्ड्सचा भरधाव सुटलाय, वॉन्ड्सचा घोडा उसळतोय, कप्सचा चालीनं जातोय आणि पेंटॅकल्सचा काळा घोडा चारही पाय रोवून उभा आहे. मागे नांगरलेलं शेत. सौदा कधी, असं विचारलं असेल तर उत्तर: होईल, पण घाई होणार नाही. नांगरट झाली आहे, पीक लगेच येत नाही. मी इथं माणूस वाचला नसता, वेग वाचला असता.

तिन्ही मिळून मी तिला एवढंच सांगितलं असतं: "कुठला तरी कागद किंवा एखादी गोष्ट स्पष्ट झालेली नाही, तिथं अडलंय. ती काय आहे ते शिकाऊ होऊन शोध. वेळ लागेल."

निनाद_बडोदा

शेवटच्या जागेबद्दल वेटच्याच पुस्तकातलं सांगतो, कारण शुभदाताई ते गाळतायत. दहा पानांच्या मांडणीत दहाव्या जागी कोर्ट कार्ड आलं तर तो म्हणतो की प्रकरण शेवटी त्या व्यक्तीच्या हाती जातं आणि शेवट मुख्यतः तिच्यावर अवलंबून असतो. अशा वेळी तेच कार्ड मध्ये ठेवून नवीन मांडणी करावी, असंही सुचवतो. म्हणजे शेवटच्या जागी माणूस, हे डेकच्या कर्त्याचंच म्हणणं. मुग्धाताईंचं गिऱ्हाईक त्या हिशोबानं चूक नाही.

शुभदा_७८

गाळलं नाही, मानत नाही. पण तुम्ही आठवण करून दिलीत ते बरं झालं. ती नवीन मांडणी मी कधीकधी खरोखर करते, आणि तिचा उपयोग होतो. नाइटला मध्ये ठेवून पुन्हा पाच पानं काढली आणि ती माणसासारखी वागली, म्हणजे इच्छा, भीती, घर असं काही दिसलं, तर माणूस धरायचा. नुसती कामं आणि कागद दिसले तर नाही. हे सिद्ध वगैरे काही करता येत नाही, माझी आपली सवय.

प्राजक्ता_पलासिया

माझा नाइट ऑफ कप्स??

किलवरचा_एक्का

नाइट म्हणजे हालचाल. येतोय.

शुभदा_७८

प्राजक्ता, तिन्ही वेळा कुठल्या जागी आला होता? आणि तीनदा एकच प्रश्न का विचारलास? पहिल्यांदा काय वाचलंस ते लिहून ठेवलं होतंस का?

प्राजक्ता_पलासिया

जागा नव्हती काकू, एकच कार्ड काढत होते. लिहिलं नाही काही. तीनदा विचारलं कारण पहिल्या दोनदा तो आला नाही.

शुभदा_७८

मग तो नाइट तू पण असू शकतेस. हातात कप घेऊन, हळूहळू, त्याच दारी परत परत जाणारी. एकट्या कार्डाला ना जागा ना शेजारी, त्यामुळे तिथं मी माणूस ठरवणारच नाही. आता महिनाभर विचारू नकोस बाई.

प्राजक्ता_पलासिया

बरं. पण मला तरी वाटतं येतोय.

मुग्धा_लोकमान्यनगर

अपडेट देते. रविवारी सकाळी पोहे-जलेबी घेऊन बहिणीला ओढतच वहिनींकडे नेलं. आधी बहिणीला सांगून टाकलं की कार्ड मी घाईत वाचलं, चूक माझी. ती तोंड वाकडं करून आली, पण आली.

वहिनींनी निळी फाईल काढली. घर अजून काकांच्या, म्हणजे बहिणीच्या वडिलांच्याच नावावर आहे. नामांतरण झालेलंच नाही. वहिनी तीन महिने फोनवर एकच सांगत होत्या, "आधी नामांतरण, त्यात माझं आणि मुलाचं नाव, मग बयाणा. तोंडी नको, कागदावर द्या." आणि बहिणीला ऐकू येत होतं, "वहिनीला घर विकायचं नाही."

आता खरी गंमत. हे सगळं समजावून सांगितलं वहिनींच्या मुलानं. बावीस वर्षांचा, सीएची आर्टिकलशिप करतोय. कुठला दाखला लागेल, कोणाच्या सह्या लागतील, सगळं त्यानं वहीत लिहून ठेवलंय. वही डोळ्यांसमोर धरून एकेक ओळ वाचत होता. काकू, अगदी पेज ऑफ पेंटॅकल्स! सल्ल्याच्या जागी! तुम्ही तर म्हणाला होतात की सल्ल्यात माणूस नसतो.

किलवरचा_एक्का

आणि क्वीन? वहिनीच होत्या की! कागद मागणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या, नवरा नसलेल्या. सगळे मिळून मुग्धाताईंना चूक ठरवत होतात, त्या पहिल्या फटक्यात बरोबर होत्या. माझीही मनःस्थिती चुकली, हेही कबूल करतो.

शुभदा_७८

माझं सल्ल्याबद्दलचं वाक्य फार ताठ होतं, मागे घेते. "सल्ला: तरुण मुलगा" याला अर्थ असतो, "त्याला विचार" असा. हे मला सुचायला हवं होतं.

वहिनींबद्दल एक्का म्हणतात ते नावापुरतं बरोबर. व्यक्ती तीच निघाली. पण मुग्धानं नाव सांगितल्यावर बहिणीनं केलं काय? फोन उचलणं बंद. कार्डातली बाई हात पुढे करून कागद मागत होती आणि हिनं तिला शत्रू केलं. माणूस ओळखला आणि तो काय करतोय ते वाचलंच नाही, तर ओळखून हाती काय आलं? आडवं येणारं कार्ड विरोधातच असतं असं नाही. कधीकधी ते रस्त्यात उभं राहून "आधी हे करा" म्हणतं.

आणि भाचा अगदी पेजसारखा दिसला ना, त्याचा फार आनंद मानू नकोस मुग्धा. घटना झाल्यावर सगळीच कार्डं सगळ्यांना बसतात. वहीत तारीख घालून पहिल्या दिवशी काय बोललीस ते लिही. त्याखाली आज काय कळलं ते. दोन्हींत खाडाखोड नको. पेजच्या पुढे तू "पैशाची बातमी" लिहिलेलं असेल, ते तसंच राहू दे.

निनाद_बडोदा

मी एवढंच नोंदवतो की वायूतलं पाणी माणसातूनही आलं आणि कागदातूनही आलं. दोन्ही एकदमच.

आकडेमोड_विजयनगर

पाचात तीन कोर्ट कार्डं आणि घरात तीन माणसं: बहीण, वहिनी, भाचा. यावरून कोणी काही सिद्धांत काढायच्या आत सांगतो, मुग्धाताई पण त्या खोलीत होत्या. मग चार झाली.

मुग्धा_लोकमान्यनगर

नाइट कोण ते अजून कळलेलं नाही. नामांतरणाच्या अर्जाची तयारी सुरू आहे. भाचा म्हणतो वेळ लागेल, म्हणजे काकूंचा उभा घोडा. पण बहीण म्हणते गिऱ्हाईक परवा स्वतः येऊन गेलं, कागद होईपर्यंत थांबतो म्हणालं, भरवशाचं वाटलं. म्हणजे निनाददादांचं. वहीत दोन्ही लिहिलंय, तारखेसकट.

तात्या_तुकोगंज

पोहे कुठून घेतलेस ते लिहिलं नाहीस.